पैसे 'आपोआप' येत नसतात, चाची!

आमच्या कोडोलीत शेजारच्या चाचींना बँकेत जे वाक्य तीनदा ऐकवलं गेलं, ते मराठीचा शिक्षक म्हणून मला आधी व्याकरणासाठी खटकलं. "पैसे येतील आपोआप." या वाक्यात कर्ता कोण? पैसे! म्हणजे नोटा स्वतःच उठतील, चालत खात्यात येतील आणि बसतील. बँक त्या वाक्यात कुठंच नाही.

झालं असं. 2 जून 2023, शुक्रवार. मुलानं पाठवलेले पैसे काढायला चाची एटीएमवर गेल्या. एटीएम एका बँकेचं, खातं दुसऱ्या बँकेत. ₹5,000 टाकले, यंत्र घरघरलं, पडदा पहिल्यासारखा झाला, नोट एक नाही. मोबाईलवर मात्र खात्यातून पाच हजार वजा झाल्याचा एसएमएस. एटीएमवाल्या बँकेत गेल्या, तर "तुमचं खातं आमच्याकडं नाही, तुमच्या बँकेत जा." स्वतःच्या बँकेत गेल्या, तर "एटीएम आमचं नाही, त्यांना विचारा. नाहीतर थांबा, येतील आपोआप." सिलाईचं काम सोडून बाई तीन खेपा घालत राहिल्या.

चाचींच्या स्वतःच्या बँकेचं उत्तर चुकीचं होतं. एटीएम कुणाचंही असो, तक्रार घ्यायची ती कार्ड देणाऱ्या, म्हणजे आपल्या बँकेनं. पुढचा हिशेब दोन्ही बँकांनी एटीएम जोडणाऱ्या यंत्रणेतून आपापसात मिटवायचा. ग्राहकानं त्यांच्यामध्ये पोस्टमन व्हायचं कारण नाही.

आता 'थांबा'चं बघू. किती थांबायचं, ते रिझर्व्ह बँकेनं 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात लिहून ठेवलंय, आणि ते 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू आहे. खात्यातून पैसे वजा झाले आणि यंत्रातून निघाले नाहीत, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत बँकेनं स्वतःहून ते परत जमा करायचे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ₹100 भरपाई. ही भरपाईही ग्राहकानं न मागता त्याच्या खात्यात यायला हवी. चाचींचे पाच दिवस 7 जूनला संपले. पैसे आले 26 जूनला, बकरी ईदच्या तीन दिवस आधी. 8 ते 26 जून म्हणजे 19 दिवस, म्हणून ₹1,900. किती आले? पाच हजार. बरोबर पाच हजार, वर एक रुपया नाही. नियमातलं 'स्वतःहून' बँकेत पोचेपर्यंत 'आपोआप' होतं, आणि ग्राहक गप्प राहिला की तेही विरून जातं.

म्हणून आपण काय करायचं, ते क्रमानं सांगतो.

नोटा आल्या नाहीत तर लगेच निघू नका. एक-दोन मिनिटं थांबा, कधीकधी यंत्र उशिरा नोटा देतं. नोटा बाहेर येतात त्या फटीवर एखादी पट्टी चिकटवलीय का, हेही बघा. तशी पट्टी लावून नोटा अडकवायच्या आणि माणूस गेला की काढून घ्यायच्या, असे चोरही असतात. तसं काही दिसलं तर तिथूनच बँकेला फोन करा. पावती आली तर जपा. नाही आली तर यंत्रावरचा एटीएम क्रमांक, वेळ आणि रक्कम लिहून घ्या, एसएमएस पुसू नका.

त्याच दिवशी आपल्या बँकेला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. फोन नंबर कार्डाच्या पाठीमागचाच घ्या, इंटरनेटवर शोधू नका, कारण तिथं 'कस्टमर केअर' नावानं ठग बसलेत. पैसे परत करायला पिन, ओटीपी किंवा कुठलं ॲप लागत नाही. मागितलं तर फोन ठेवा. पुष्कळदा रक्कम काही तासांतच परत येते, मग प्रश्नच मिटला.

सहाव्या दिवशीही आली नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. तोंडी बोलणं हवेत जातं, शिक्का कागदावर राहतो. चाचींना मी लिहून दिलेला अर्ज एवढाच होता: "2 जून 2023 रोजी अमुक एटीएममधून ₹5,000 काढताना रक्कम खात्यातून वजा झाली, रोख मिळाली नाही. रक्कम 26 जूनला जमा झाली. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार पाच दिवसांनंतरच्या 19 दिवसांची भरपाई ₹1,900 जमा करावी, किंवा नकाराचं कारण लेखी द्यावं." शेवटचं अर्धं वाक्य महत्त्वाचं. 'नाही' म्हणणं सोपं असतं, 'नाही' लिहून देणं जड जातं. आठवड्याभरात ₹1,900 जमा झाले.

कधी बँक म्हणते, "आमच्या नोंदीत व्यवहार यशस्वी आहे." तिथं खचू नका. यंत्र प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतं आणि त्यातली रोकडही मोजली जाते. नोटा आतच अडकल्या असतील तर हिशेबापेक्षा रोकड जास्त भरते. म्हणून यंत्राची नोंद, त्या दिवसाचा रोकड ताळेबंद आणि कॅमेऱ्याचं चित्रण तपासून लेखी उत्तर द्या, अशी मागणी करा. ती लवकर करा, चित्रण कायम साठवलेलं नसतं.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडं तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो. तो शिक्का इथं कामी येतो.

आता आपल्या घरातलं बोलतो. ₹1,900 आल्यावर चाचींनी विचारलं, "बेटा, हे ब्याज तर नाही ना?" असा विचार करून गप्प बसणारे आपल्यात बरेच आहेत. मी आलिम नाही, पण हिशेब मला कळतो. ही भरपाई रकमेच्या टक्क्यानं वाढत नाही. पाचशे अडकले तरी दिवसाला शंभर, वीस हजार अडकले तरी शंभरच. बँकेला कुणी कर्ज दिलं नव्हतं, तिनं आपले पैसे वेळेत परत केले नाहीत, त्याचा हा दंड आहे. तरीही मन मानत नसेल तर आलिमांना विचारा, हवं तर गरजूला देऊन टाका. पण मागा जरूर. न मागितलेले ₹1,900 गरिबाकडं जात नाहीत, ते ज्याची चूक आहे त्याच्याच तिजोरीत राहतात.

आणि बँकेत बसलेल्या माझ्या शिकलेल्या बंधू-भगिनींनो, तुमचं वाक्य दुरुस्त करून देतो. "पैसे येतील आपोआप" नव्हे. "आम्ही 7 तारखेपर्यंत जमा करू, उशीर झाला तर रोज शंभर रुपये देऊ." कर्ता, क्रियापद आणि तारीख, तिन्ही जागेवर.