‘ग्रेड वन’कडे दुर्लक्ष

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत पोटाची सोनोग्राफी होते आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ येते : ग्रेड वन फॅटी लिव्हर. ‘हे हल्ली सगळ्यांनाच असतं’ असे कोणीतरी म्हणते आणि फाइल कपाटात जाते. त्याच माणसाला वर्षभरापासून शय्येत ताठरता येत नाही किंवा आली तरी टिकत नाही. ते तो बायकोशीही धड बोलत नाही. बोललाच तर स्टेशनबाहेरच्या भिंतीवर ज्याचा फोन नंबर रंगवलेला असतो, त्याच्याशी बोलतो. या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच असते आणि ते त्या फायलीत लिहिलेले असते.

एक नेहमी दिसणारे चित्र घेऊ. बेचाळिशीचा बँक अधिकारी. उंची १६८ सेंमी, वजन ७२ किलो. म्हणजे लठ्ठ असे कोणी म्हणणार नाही. हातपाय बारीकच, पोट तेवढे सुटलेले. पँट ३४ नंबरची, पण ती पोटाखाली बांधलेली. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून धरली, तर घेर भरतो ९८ सेंमी. ट्रायग्लिसराइड्स २४०, एचडीएल म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल ३४, उपाशीपोटी साखर १०८, रक्तदाब १३४/८६. प्रत्येक आकड्याला सुटे पाहिले तर ‘बॉर्डरला आहे, लक्ष ठेवा’ एवढेच म्हटले जाते. आपल्याकडच्या पुरुषांसाठी निकष असे : घेर ९० सेंमी किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त, एचडीएल ४० पेक्षा कमी, साखर १०० किंवा जास्त, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त. पाचांतले तीन जुळले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. या गृहस्थांचे पाचही जुळतात, आणि गोळी मात्र त्यांना एकही चालू नाही.

बारीक हातपाय आणि आत दडलेली चरबी ही आपली जुनी ओळख आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे शेजारी-शेजारी उभे राहिलेले छायाचित्रच छापले. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. म्हणून वजनकाट्यावर भरवसा ठेवणाऱ्या मराठी माणसाची फसगत होते. त्याने टेप घ्यावी.

आता पोटाच्या घेराचा ताठरतेशी संबंध काय? ताठरता म्हणजे रक्त भरण्याची क्रिया. लिंगातल्या धमन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडते, त्याने स्नायू सैल पडतात, धमनी उघडते, रक्त आत येते आणि बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते तिथेच थांबते. पोटातल्या चरबीतून मात्र स्निग्धाम्ले सतत यकृताकडे वाहत असतात. यकृत ती साठवते, तेच फॅटी लिव्हर. आणि न साठणारी ट्रायग्लिसराइड्सच्या रूपाने रक्तात सोडते. अशा शरीरात इन्सुलिनचा आदेश नीट पाळला जात नाही. धमन्यांच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला सांगणाऱ्यांपैकी इन्सुलिनही एक आहे, तेव्हा तोही पुरवठा आटतो. शिवाय पोटाची चरबी टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते, ते वेगळेच.

लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. बिघाड सगळीकडे सारखाच चालू असतो, पण कळतो तो अरुंद जागी आधी. हृदयविकाराच्या अनेक रुग्णांत छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षे आधीपासून ताठरतेची तक्रार होती असे आढळले आहे. हा इशारा लाजेपोटी दडपला जातो, याचे मला फार वाईट वाटते. कारण तेवढ्या काळात पुष्कळ काही करता येते.

प्रत्येक तक्रार या वाटेने येते असे नाही. अचानक सुरू झालेली, एखाद्या प्रसंगीच जाणवणारी, आणि पहाटेची ताठरता शाबूत असलेली तक्रार बहुधा मनाशी, ताणाशी जोडलेली असते. हळूहळू वाढलेली आणि पहाटेचीही ताठरता गेलेली असेल तर रक्तवाहिन्यांकडे पाहावे. तंबाखू, सिगारेट, रक्तदाबाच्या आणि मनोविकाराच्या काही गोळ्या हीही कारणे असतात. अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारून बदलावी.

सिल्डेनाफिलची गोळी चालते, पण ती फक्त नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम टिकवून धरते. हा वायू मुळात तयारच होत नसेल तर गोळीचाही उपयोग कमी. म्हणून ‘गोळीने फरक पडला नाही’ ही फार मोलाची माहिती आहे, ती डॉक्टरांना सांगावी. छातीत दुखते म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने ही गोळी घेतली तर रक्तदाब जीवघेणा कोसळतो. जाहिरातीतल्या ‘जडीबुटी’त हेच औषध गुपचूप मिसळलेले सापडले आहे, त्यामुळे धोका तिथेही आहे.

या बँक अधिकाऱ्याने ट्रायग्लिसराइड्सचा आकडा पाहून तूप बंद केले होते. चूक तिथेच होती. यकृत ट्रायग्लिसराइड्स बनवते ते साखरेतून, मैद्यातून आणि दारूतूनही. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, जोडीला बिस्किटे आणि शनिवारची बैठक. हे सगळे जसेच्या तसे चालू होते. आधी हात घालायचा तो इथे. मग चालणे : आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटे, दम लागेल इतक्या वेगाने. सहा महिने असा व्यायाम केलेल्या पुरुषांमध्ये ताठरता सुधारल्याचे अभ्यासांत दिसले आहे. वजन सात ते दहा टक्के, म्हणजे यांच्या बाबतीत पाच ते सात किलो उतरले की यकृतातली चरबी ठळकपणे कमी होते.

आणि ताठरता? इटलीत नेपल्सला ११० लठ्ठ पुरुषांवर झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांना मधुमेह नव्हता. निम्म्यांना आहार आणि व्यायामाचे सविस्तर मार्गदर्शन दिले, निम्म्यांना साधी माहिती. दोन वर्षांनी पहिल्या गटातल्या ५५ पैकी १७ जणांची ताठरता पूर्ववत झाली, दुसऱ्या गटात फक्त तिघांची. म्हणजे तिघांतल्या एकाला औषधाविना मूळ स्थिती लाभली. बाकीच्यांना औषधाची जोड लागू शकते. मधुमेह जुना झाला की ही वाट आणखी अवघड होते. म्हणून घेर ९८ सेंमी आणि साखर १०८ असतानाच हालचाल हवी.

यात डॉक्टरांचेही काम आहे. ज्या पुरुषाच्या रिपोर्टवर फॅटी लिव्हर लिहिले आहे, त्याला दार लावून ‘शय्येत काही अडचण येते का?’ असे सरळ विचारले पाहिजे. आणि जो ताठरतेची तक्रार घेऊन येतो, त्याच्या पोटाला टेप लावली पाहिजे. साखर, लिपिड, रक्तदाब पाहिले पाहिजेत आणि सकाळी उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन तपासले पाहिजे. ते कमी आले तर पुन्हा एकदा तपासावे. घेर मोठा असलेल्यांत एकूण आकडा कमी दिसतो, तेवढ्यावरून हार्मोनची इंजेक्शने सुरू करण्याची घाई नको. पोट उतरले की पुष्कळदा तो आकडाही आपणच वर येतो.