पगार वाढला, हातात मात्र हजार कमी!

परवा कट्ट्यावर आमच्या एका मित्राचा चेहरा पडला होता. कारण काय, तर प्लेसमेंटमध्ये 13 लाखांची ऑफर! ‘‘मी 15 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये गेलो रे, 1 लाख 95 हजार टॅक्स,’’ असं तो म्हणत होता. त्याने सरळ 13 लाखांचे 15 टक्के काढले होते. आपल्यातले बरेच जण हेच करतात. पण स्लॅबचा दर सगळ्या पगाराला लागत नाही, फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या रकमेला लागतो.

चला, त्याचाच हिशोब करू. वर्ष 2025-26, नवी करप्रणाली. (सीटीसी नाही हं, प्रत्यक्ष पगार 13 लाख धरलाय.) आधी स्टँडर्ड डिडक्शनचे 75 हजार वजा करा. त्यासाठी ना बिल लागतं, ना गुंतवणूक. उरले 12 लाख 25 हजार. यातल्या पहिल्या 4 लाखांवर शून्य. पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के, म्हणजे 20 हजार. त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्के, म्हणजे 40 हजार. ज्या 15 टक्क्यांनी पठ्ठ्याची झोप उडवली, ते लागतात फक्त शेवटच्या 25 हजारांवर: 3,750 रुपये. एकूण 63,750.

आता ‘12 लाखांपर्यंत टॅक्स नाही’ या जाहिरातीकडे वळू. स्लॅब तर 4 लाखांनंतरच सुरू होतात. पण करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल, तर निघालेला 60 हजारांपर्यंतचा कर रिबेट म्हणून माफ होतो. त्यामुळे 12 लाख 75 हजार पगारावर कर शून्य. त्याच्या वर गेलात की रिबेट गायब. तेव्हा एकदम फटका बसू नये म्हणून मार्जिनल रिलीफ आहे. 12 लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही. मित्राचं वरचं उत्पन्न 25 हजार, म्हणून कर 63,750 ऐवजी 25 हजार. त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे 1 हजार. एकूण 26 हजार.

आता गंमत बघा. पीएफ वगैरे बाजूला ठेवलं, तर 13 लाखवाल्याला उरतात 12 लाख 74 हजार. 12 लाख 75 हजारवाल्याला पूर्ण 12 लाख 75 हजार! रिलीफ मूळ करावर मिळतो, सेस मात्र वरून लागतोच. हा खड्डा थेट 13 लाख 49 हजारांच्या आसपास भरून निघतो.

मला विचाराल तर स्लॅबची पद्धत न्याय्य आहे, खटकतो तो हा खड्डा. रिलीफ देताना सेसही त्याच मर्यादेत धरला, तर पगारवाढ मिळूनही हातात कमी पडायची वेळ येणार नाही. आमच्या मित्राने तूर्तास एचआरला मेल टाकलाय: 13 लाखांचे साडेतेरा होतील का?