जावकवहीची साक्ष
त्या दिवशी साहेबांनी भर बैठकीत फाईल रखडल्याचा ठपका माझ्यावर ठेवला. माझी दातखिळीच बसली! तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "साहेब, जावकवहीत १२ तारखेची नोंद आहे. फाईल यांच्याकडून वेळेवर गेली."

दुसऱ्या दिवशी पेढे न्यायचा माझा बेत होता. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, साहेबांना वाटेल, तुमचं आधीच ठरलं होतं!" (तिचं खरं होतं, नेहमीप्रमाणे.)

मग जिन्यात एकटे गाठून एवढंच म्हटलं, "काल जावकवहीची आठवण केलीत, म्हणून वाचलो. आभारी आहे." साहेबांविषयी अवाक्षर काढलं नाही, काढलं असतं तर त्यांनाही हो ला हो म्हणावं लागलं असतं.

"नोंद होतीच की!" ते हसले. "चला, चहा घेऊ. पैसे मात्र तुमचे."