पेजेच्या वाटीपलीकडे

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेला शस्त्रक्रियेनंतर ‘हलके’ म्हणून रत्नागिरीतील घरांत बहुधा पेजच दिली जाते. परंतु वाटीभर पेजेत प्रथिने जेमतेम दोन ग्रॅम असतात, तर स्नायू टिकवण्यासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ४५ किलो वजनाला ५४ ते ६७ ग्रॅम, लागतात. दोन अंडी, बांगड्याचा तुकडा, कुळथाची पिठी आणि दही यांतून निम्मी गरज भागते. उरलेली प्रथिनयुक्त पूरक पेयाने, तेही जेवणाऐवजी नव्हे तर दोन जेवणांच्या मधे, भागवावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळल्यास आठवड्याला ६०,००० युनिट, साधारण आठ आठवडे, ही रूढ पद्धत आहे. वर्षाची मात्रा एकदम देणे मात्र घातक, कारण ऑस्ट्रेलियातील २०१० च्या अभ्यासात तिने पडणे आणि अस्थिभंग दोन्ही वाढले.

प्रगती मोजताना रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनावर विसंबू नये, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या दाहानेच ते घटते. ताटात उरलेले अन्न, मुठीची पकड आणि वॉकर घेऊन चाललेले अंतर अधिक खरे सांगतात, आणि पायांवर सूज असेल तर वजनाचा काटाही फसवतो.