विश्लेषण : भांडुपमध्ये दिसलेले कासव रानटी, सुटलेले पाळीव की आक्रमक परदेशी? फोटोवरून कसे ठरवायचे?

भांडुपच्या पूर्वेला पंपिंग स्टेशनचा रस्ता, खारफुटी आणि ठाणे खाडी. पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि विहार तलाव. दोन्हीकडे मोबाइल आणि कॅमेरे घेऊन फिरणाऱ्यांची वर्दळ असते. अशा ठिकाणी दगडावर ऊन खाणाऱ्या कासवाचा फोटो कोणी व्हॉट्सॲप समूहावर टाकला, की लगेच तीन मते पडतात : ‘इथलेच आहे’, ‘कोणाचे तरी पाळलेले सुटले’ आणि ‘परदेशी आहे, बाहेर काढा’. यात चूक झाली तर स्थानिक कासव आपल्या पाण्यातून उचलले जाते किंवा परदेशी कासव पुण्यकर्म म्हणून विहारसारख्या तलावात सोडले जाते.

मुंबईत कोणती कासवे स्थानिक आहेत?

गोड्या पाण्यातली दोन कासवे लक्षात ठेवली तरी बरेच काम होते. पहिले ‘इंडियन फ्लॅपशेल’. याच्या पाठीवर कवचाचे वेगवेगळे तुकडे दिसत नाहीत. पाठ चामड्यासारखी गुळगुळीत असते आणि नाक लहान नळीसारखे पुढे आलेले असते. पोटाच्या बाजूला मागच्या पायांवर मिटणाऱ्या झडपा असतात, त्यावरूनच त्याचे नाव पडले. दुसरे ‘इंडियन ब्लॅक टर्टल’, म्हणजे काळे कासव. त्याचे कवच कठीण, तपकिरी ते काळे असते आणि पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे तीन समांतर उंचवटे असतात. या दोघांपैकी कोणाच्याही डोळ्यामागे लाल पट्टा नसतो.

लाल खूण दिसली म्हणजे परदेशीच का?

नाही, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या दोन कासवांच्या डोळ्यामागे लालसर खूण असते. त्यातले एक अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले ‘रेड इअर्ड स्लायडर’, तर दुसरे गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधूच्या खोऱ्यातले ‘इंडियन रूफ्ड टर्टल’. दुसरे अस्सल भारतीय आहे, पण मुंबईचे नाही. ते भांडुपच्या डबक्यात दिसले तर बहुधा कोणाच्या तरी टाकीतून आलेले असते.

समजा, पंपिंग स्टेशनच्या रस्त्यालगतच्या गोड्या पाण्याच्या डबक्यात तळहाताएवढे कासव दिसले आणि फोटोत डोळ्यामागे लाल खूण आहे. आता पाठ पाहायची. स्लायडरची पाठ बऱ्यापैकी सपाट गोलाकार असते, तर रूफ्ड टर्टलची पाठ घराच्या कौलारू छपरासारखी दोन्ही बाजूंना उतरती असते. मध्यरेषेवर एक टोकदार उंचवटा असतो आणि त्या रेषेने नारिंगी-तांबडा पट्टा गेलेला असतो. मग खुणेचा आकार पाहायचा. स्लायडरची खूण डोळ्यामागून मानेकडे सरळ जाणारा जाड लाल पट्टा असतो. रूफ्डची खूण चंद्रकोरीसारखी वळते. स्लायडरच्या हिरव्या त्वचेवर पिवळे पट्टे असतात, तर रूफ्डच्या गडद मानेवर बारीक पिवळ्या रेषा.

मात्र एक मर्यादा आहे. स्लायडर म्हातारे झाले की लाल पट्टा फिका पडतो आणि काही वयस्क नर जवळजवळ काळे होतात. दुरून काढलेल्या फोटोत असा नर स्थानिक काळे कासव वाटू शकतो. तेव्हा पाठीवरचे तीन उंचवटे आहेत की नाहीत, एवढेच विश्वासाने पाहता येते. तेही दिसत नसतील, तर ‘ओळख पटली नाही’ हेच योग्य उत्तर.

पाळीव की रानटी, हे फोटो सांगतो का?

थोडेफार. टाकीत वाढलेल्या कासवाची नखे झिजत नाहीत, त्यामुळे ती लांब आणि वाकडी होतात. ऊन आणि कॅल्शियम कमी मिळाले तर कवच मऊ किंवा वेडेवाकडे वाढते. स्लायडरच्या बाबतीत मात्र नखांवरून घाई करू नये, कारण नराच्या पुढच्या पायांची नखे निसर्गतःच लांब असतात. शिवाय बाहेर काही वर्षे काढलेल्या प्राण्यावर पाळीवपणाच्या खुणा फारशा उरत नाहीत. माणूस दिसताच जवळ येणे हाही पक्का पुरावा नाही. लोक खाऊ घालतात त्या तळ्यांतली कासवेही तसेच करतात.

म्हणून जाती आणि मूळ प्रदेश हा पहिला पुरावा, तर शरीरावरच्या खुणा हा दुसरा.

एक स्लायडर दिसले म्हणजे ‘आक्रमण’ झाले का?

‘परदेशी’ हे एका प्राण्याबद्दल म्हणता येते. ‘आक्रमक’ हे मात्र त्या जातीच्या वाढत्या संख्येबद्दलचे आणि तिच्या परिणामांबद्दलचे विधान आहे. एक मोठे स्लायडर म्हणजे बहुधा कोणीतरी टाकून दिलेले कासव. नाण्याएवढे घेतलेले पिल्लू वाढून फूटभर होऊ शकते आणि काही दशके जगते. घरची टाकी पुरेनाशी झाली की ते तळ्यात जाते. वेगवेगळ्या आकारांची कासवे एकाच पाण्यात वर्षानुवर्षे दिसणे, काठावर अंडी सापडणे, पोटावर नाळेची ताजी खूण असलेली पिल्ले मिळणे, यावरून तिथे प्रजनन होत असल्याचा संशय बळावतो. फ्रान्समध्ये तळ्यांत केलेल्या प्रयोगांत स्लायडरसोबत ठेवलेल्या स्थानिक कासवांना ऊन खाण्याच्या चांगल्या जागा सोडाव्या लागल्या, त्यांचे वजन घटले आणि मृत्यू वाढले. युरोपीय संघाने 1997 मध्येच या कासवांची आयात थांबवली. जगातील 100 सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीतही त्यांचे नाव आहे.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने ‘आक्रमक परदेशी जाती’ची व्याख्या आली आणि त्यांची आयात, व्यापार, बाळगणे यांवर बंधने घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. ही व्याख्या ‘भारतात मूळची नसलेली’ जात अशी आहे. त्यामुळे गंगेचे रूफ्ड टर्टल मुंबईत उपरे असले तरी कायद्याच्या लेखी परदेशी ठरत नाही. उलट ते आणि फ्लॅपशेल दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून ते घरी ठेवणे गुन्हा आहे. दुकानात उघड विकले जाते म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

फोटो कसा काढावा आणि पुढे काय करावे?

तीन कोन उपयोगी पडतात : डोक्याची बाजू, वरून पाठ आणि मागचे पाय. पोट दिसावे म्हणून कासव पकडू किंवा उलटे करू नये. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर तो दाबला जातो आणि त्यातील ठिकाणाची नोंद निघून जाते. म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी आणि जागा, तारीख, पाणी गोडे की खारे हे लिहावे. फॉरवर्ड होऊन आलेला फोटो भांडुपचाच आहे हे आधी विचारावे. प्राण्याचा मूळ प्रदेश हाच पहिला पुरावा असल्याने, फोटोचे ठिकाण चुकले तर पुढचा सगळा निष्कर्ष चुकतो.

फ्लॅपशेल किंवा काळे कासव धडधाकट असेल, तर त्याला तिथेच राहू द्यावे. रूफ्ड किंवा स्लायडर वाटले तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. रूफ्ड देशी आहे म्हणून विहारमध्ये सोडणे किंवा स्लायडर एका तळ्यातून काढून दुसऱ्यात टाकणे, हे दोन्ही टाळावे.