तान्ह्या पोळ्याचा बोजारा

दिवाळी जवळ आली, की खाऊच्या जाहिरातींतून एक ठरावीक कुटुंब आपल्या भेटीला येते. पणत्या, नथ घातलेली आजी, शहरातून उशिरा पोचलेला मुलगा आणि पहिल्या घासाबरोबर डोळ्यांत दाटणारे पाणी. हे कुटुंब कोणत्या गावचे, असे विचारायची सोय नाही. ते कुठलेच नसते. म्हणूनच त्याचे अश्रू आपल्याला भिजवत नाहीत.

लहानपणच्या सणावर जाहिरात लिहूच नये, असे नाही. पण मुले सणाकडे भावनेने पाहत नाहीत, हिशेबाने पाहतात, हे लिहिणाऱ्याने विसरू नये. नव्वदच्या दशकातली ‘धारा’ तेलाची जाहिरात आठवा. रुसून घर सोडलेला तो चिमुरडा घरी जिलेबी होते आहे एवढे कळताच विरघळतो. त्याला माया आठवत नाही, जिलेबी आठवते. माया आपण प्रेक्षक आपल्या पदरची घालतो.

समजा, एखाद्या चिवडेवाल्याला आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सणावर ३० सेकंदांची फिल्म हवी आहे. मी दिवाळी सोडून तान्हा पोळा घेईन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा हा सण असतो. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तो १८०६ मध्ये सुरू केला, असे सांगतात. लाकडी नंदी सजवून मुले तो दोरीने ओढत दारोदार नेतात आणि बोजारा मागतात. कुणी नाणे देते, कुणी खाऊ. ज्याच्याकडे बैल, त्याला बोजारा. भांडणाचे बी इथेच आहे आणि गोष्टीचेही.

पहिली सहा सेकंदे : ओले अंगण. एक मुलगा बैल ओढतो आहे. एक चाक कुरकुरते. मागे धाकटी बहीण. पुढची आठ : सपरीत उभी काकू मुलाच्या हातावर नाणे ठेवते. मुलगी म्हणते, “अन् मले?” काकू विचारते, “तुहा बैल कुठी हाये?” मुलगी कमरेवर हात ठेवते, “याचं चाक कोनं बसोलं? म्या.” त्यानंतरची दहा : काकू डब्यात हात घालते, मुरमुरे चिमटीत दाबून पाहते. ते सादळलेत. ती चिवड्याचे पाकीट फोडते आणि मुलीच्या फ्रॉकच्या ओच्यात ओतते. मुलगा हातातल्या नाण्याकडे बघतो, मग ओच्याकडे. शेवटची सहा : दोघे रस्त्याने चालले आहेत. दोरी आता बहिणीच्या हातात आहे आणि भाऊ तिच्या ओच्यात हात घालतो आहे. चिवड्याचे नाव पडद्यावर. आवाज फक्त चाकाचा.

इथे पाकीट उगाच आलेले नाही. पोळा श्रावणी अमावास्येचा. त्या हवेत डब्यातला मुरमुरा मऊ पडतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पाकिटाचा बंद कागद ओल आत येऊ देत नाही. मालाचा खरा गुण एवढाच आणि तो एका चिमटीत दिसतो. फिल्म आजच्या काळात ठेवण्याचे कारणही हेच. माझ्या पिढीच्या लहानपणी आमच्या खेड्यात असले पाकीट नव्हते. जुन्या आठवणीत ते घुसवले, की आठवण खोटी होते आणि मालही.

बोलण्यासाठी ३० सेकंदांत फार तर साठेक शब्द बसतात. इथे ११ आहेत. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून ‘कोणी’ नव्हे, ‘कोनं’. पण सगळे संवाद ठसक्यात घोळवले, तर बोलीची नक्कल होते आणि ऐकणाऱ्याला वाटते, आपल्यालाच हसताहेत. त्या तीन वाक्यांसाठी त्याच भागातली मुले घ्यावीत आणि शब्द त्यांच्या तोंडून तपासून घ्यावेत.

घोटाळा होतो तो चित्रीकरणात. पोळ्याला दाखवायची फिल्म उन्हाळ्यात उरकतात. तेव्हा आमचा साग निष्पर्ण असतो आणि माती फुटलेली. नळीने पाऊस पाडला, तरी मागचे झाड खोटे पाडते. एक तर आदल्या वर्षीच्या पावसातच चित्रण करावे, नाही तर कॅमेरा सपरीतून बाहेर काढू नये. डोक्यावर कोल्हापुरी फेटे आणि पार्श्वभूमीला बासरी आली, की समजावे, गाव हातचे गेले.

असा मसुदा पाहून मालक हमखास म्हणतील, शेवटी ‘आठवणींची चव’ असे काहीतरी हवे. तिथे लिहिणाऱ्याने हटून बसावे. मसुद्याला एक कसोटी लावावी : गावाचे नाव बदलून तो कुठेही चालतो का? चालत असेल, तर तो अजून लिहून व्हायचा आहे. ही फिल्म मात्र पुण्यात नेली, तर बोजारा म्हणजे काय, इथपासून सांगावे लागेल. पण चाक बसवणारीचा हक्क तिथल्या पोरांनाही न सांगता कळेल.