10 कोटींतले पक्के किती?

सातारा एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका दादांना जर्मन कंपनीने सगळ्या शेअर्सचे 10 कोटी देऊ केलेत. कागद वाचला तर 6 कोटी सहीला, दीड कोटी वर्षाने आणि अडीच कोटी तीन वर्षांत नफा ठरल्याइतका झाला तरच. "म्हणजे उसाची पहिली उचल आणि मागचा हप्ता!" दादा म्हणाले. अगदी तसंच, आणि इथेही काटा घेणाऱ्याच्याच हातात जातो. मुख्य कार्यालयाने व्यवस्थापन शुल्क लावलं की साताऱ्याचा नफा कागदावर घसरतो, माल तेवढाच गेला तरी. म्हणून अट विक्रीवर बांधावी. ते नफ्यावरच अडले तर कोणते खर्च धरायचे नाहीत, हे करारात लिहून घ्यावं. शिवाय परकीय चलन कायद्याखालच्या 2019 च्या नियमांनुसार परदेशी खरेदीदाराला एकूण रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंतच आणि करारापासून 18 महिन्यांपर्यंतच पैसे मागे ठेवता येतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. इथे तर 40 टक्के अडकलेत, तेही तीन वर्षांपर्यंत! मी दादांना स्पष्ट सांगितलं, साडेसात कोटी सहीलाच मागा, बाकीचे दीड वर्षाच्या आत. आणि अटीचा एक रुपयाही येणार नाही असं धरूनही सौदा पटत असेल, तरच सही करा.